तलावासाठी एक, समुद्रासाठी दुसरा: टँकिनी, वनपीस की बोर्ड शॉर्ट्स?

प्रश्न: माझं वय ४४. चतुर्थी झाली की यजमान आणि मी, दोघंही पणजीला पोहण्याच्या वर्गाला जाणार आहोत. समुद्रावरही अधूनमधून जाणं होतं, पण आजवर मी कुर्ता-लेगिंगवरच पाण्यात उतरले. दुकानदार म्हणतो टँकिनी घ्या, नणंद म्हणते वनपीसच बरा, आणि यजमानांनी म्हापशाच्या बाजारातून बोर्ड शॉर्ट्स आणून ठेवल्यात. मला पोट आणि मांड्या झाकलेल्या हव्यात. ऑनलाइन मागवलेला एक वनपीस छाती-कमरेला बरोबर बसला, पण खांद्याला इतका काचला की परत केला. उंची ५ फूट ६ इंच, छाती ३८, कंबर ३३, सीट ४१. नेमकं काय घ्यावं?
(एक वाचक, फोंडा)

उत्तर: ताई, तलावातल्या वर्गासाठी गुडघ्यापर्यंत पाय असलेला पॉलिस्टरचा वनपीस घ्या. समुद्रासाठी अंगाबरोबर बसणारी टँकिनी आणि तिच्याखाली शॉर्ट्स घ्या. यजमानांच्या बोर्ड शॉर्ट्स समुद्रावर चालतील, वर्गासाठी त्यांना दुसरं काही लागेल. एकातच भागवायचं असेल तर तुम्ही वनपीसच घ्या आणि समुद्रावर जाताना त्यावर बोर्ड शॉर्ट्स चढवा. बायकांच्या मापाच्याही त्या मिळतात.

आता परत केलेल्या त्या वनपीसबद्दल. छाती-कमरेला बरोबर बसूनही तो खांद्याला काचला, म्हणजे त्याची लांबी तुम्हाला कमी पडली. कुर्ता खाली मोकळा असतो, त्यामुळे दोन इंच आखूड झाला तरी कुठे टोचत नाही. वनपीस मात्र खांद्यावरून निघून दोन्ही पायांच्या मधून परत खांद्यावर येतो. या पूर्ण फेऱ्याचं माप चुकलं की बाकीची मापं कितीही जुळोत, कपडा अंगावर टिकत नाही. ऑनलाइन विक्रेत्यांच्या तक्त्यात हे माप बहुधा ‘टॉर्सो’ या नावाने शेवटच्या रकान्यात असतं आणि बहुतेक जण ते वाचत नाहीत.

ते घरी असं मोजा. शिवणकामाची साधी टेप ६० इंचांची असते, ती पुरणार नाही. न ताणणारी दोरी किंवा परकराची नाडी घ्या. पट्टी जिथे बसेल तिथे, म्हणजे एका खांद्याच्या मधोमध, तिचं टोक धरा. तिथून ती छातीवरून खाली, पायांच्या मधून मागे आणि पाठीवरून परत त्याच खांद्यावर आणा. दोरी अंगाला लागलेली असावी, रुतलेली नसावी. हे काम नणंदेला सांगा. एकटीने मोजलं की पाठीवर दोरी तिरकी जाते आणि माप इंच-दीड इंच चुकतं. मग दोरी जमिनीवर सरळ पसरून टेपने मोजा.

समजा तुमचा फेरा ६६ इंच भरला. तुमच्या उंचीला तो तसा भरणं अगदी शक्य आहे. ३८ छातीच्या कॉस्च्यूमसमोर तक्त्यात साधारण ६२-६३ इंच लिहिलेलं असतं, कंपनीप्रमाणे थोडं कमी-जास्त. म्हणजे तुम्हाला तीनेक इंच कमी पडतात. कापड ताणतं, त्यामुळे एखादा इंच सहज निभावतो. तीन इंच निभावत नाहीत. ते खांद्यावरच्या पट्टीतून आणि खालच्या शिवणीतून वसूल होतात: पट्टी रुतते, गळा खाली ओढला जातो आणि मागची बाजू वर चढते.

इथे बहुतेक जणी एक साइज मोठा मागवतात, आणि तिथेच पैसे वाया जातात. एका साइजने फेरा जेमतेम दीड इंच वाढतो, पण छातीचा घेरही जवळपास तेवढाच वाढतो. खांदा अजून काचतच राहतो आणि गळा मात्र सुटतो. मग भिंतीला पाय रेटून पुढे निघालं की गळ्यातून पाणी आत शिरतं आणि पोटाशी त्याची पिशवी होते. शिकणाऱ्या माणसाला ते ओझं फार जाणवतं. तुमच्यासाठी उपाय आहे तो ‘लाँग टॉर्सो’ म्हणून मिळणारा कट: छाती-कमरेचं माप तेच आणि लांबीला सुमारे दोन इंच जास्त. तो मिळाला नाही तर लांबी कमी-जास्त करता येणाऱ्या पट्ट्यांचा घ्या, पण पट्टी सोडून एखादा इंचच मिळतो आणि त्याबरोबर गळाही तेवढाच उतरतो, हे लक्षात असू द्या. नणंदेचा फेरा तक्त्यापेक्षा कमी असेल तर तिला उलटा त्रास होईल. कमरेवर आडव्या चुण्या पडतील आणि पट्ट्या खांद्यावरून घसरतील.

वर्गासाठी पाठीचा कटही पाहायला हवा. पाठीवर पट्ट्या मधोमध जुळतात तो ‘रेसरबॅक’ शिकताना सर्वांत बरा, कारण हात डोक्यावरून फिरवला तरी पट्टी खांद्यावरून उतरत नाही. मानेमागे गाठ मारायचा ‘हॉल्टर’ दिसायला सुरेख असतो, पण छातीचा सगळा भार मानेवर घेतो. ३८ छातीला अर्ध्या तासात मान दुखायला लागते. आपल्याकडच्या दुकानांत खाली झालर किंवा स्कर्ट लावलेला फ्रॉकसारखा कॉस्च्यूम पुष्कळ दिसतो. काठावर उभं असताना तो मांड्या झाकतो, पाण्यात मात्र झालर वर तरंगते आणि पाय मारताना अडते. ज्यासाठी तो घ्यावा तेच पाण्यात उरत नाही. मांड्या झाकायच्या तर अंगाला चिकटून बसणारे, गुडघ्याच्या वरपर्यंतचे पायच हवेत. पायाच्या टोकाची पट्टी मांडीला सगळीकडून टेकलेली पाहिजे. तिथे दोन बोटं आरामात फिरत असतील तर पाणी आत जाणार.

कापडाचं लेबल मात्र नीट वाचा. अंगाला मऊ लागणारे बहुतेक कॉस्च्यूम नायलॉन आणि इलास्टेनच्या मिश्रणाचे असतात, साधारण ८० आणि २० टक्के. इलास्टेन म्हणजेच स्पँडेक्स; लायक्रा हे त्याचंच एका कंपनीचं नाव. ताणून परत जागेवर येण्याची किमया याच धाग्याची, आणि तलावातलं क्लोरीन नेमकं त्यालाच खातं. आठवड्यातून तीन-चार दिवस वर्ग असेल तर असा कॉस्च्यूम काही महिन्यांत सैल पडतो. त्याऐवजी ‘पॉलिस्टर-पीबीटी’ लिहिलेलं घ्या. पीबीटी हाही पॉलिस्टरच्याच जातीचा धागा. त्याला स्वतःचाच ताण असल्यामुळे कापडात इलास्टेन लागत नाही किंवा अगदी थोडं लागतं, म्हणून ते क्लोरीनला पुष्कळ जास्त टिकतं. हाताला ते किंचित कडक लागेल आणि पहिल्यांदा चढवताना जोर लावावा लागेल. त्यावरून साइज चुकला असं समजू नका. पोहण्याचा कपडा अंगापेक्षा लहानच कापलेला असतो आणि पाण्यात तो थोडा सैलावतो, त्यामुळे कोरडा असताना घट्ट वाटणं ठीक आहे. श्वास अडणं किंवा पट्टीखाली बोट न जाणं ठीक नाही.

रंग गडद घ्या: नेव्ही, काळा, गर्द हिरवा. फिकट कापड ओलं झालं की धाग्यांमधल्या हवेच्या जागी पाणी भरतं, प्रकाश आरपार जायला लागतो आणि कापड पारदर्शक दिसतं. याची परीक्षा दुकानातच होते. आत तळहात घाला, बोटं फाकवून कापड ताणा आणि उजेडाकडे धरा. कोरडं असतानाच बोटांच्या रेषा दिसल्या तर ओलं झाल्यावर काही झाकणार नाही. अस्तर फक्त पुढच्या बाजूला आहे की मागेही, हे कपडा उलटा करून पाहा. स्वस्त कॉस्च्यूममध्ये मागचं अस्तर हमखास वगळलेलं असतं.

आता टँकिनी. वर बंडीसारखा टॉप, खाली वेगळी चड्डी किंवा शॉर्ट्स, असा हा दोन तुकड्यांचा प्रकार १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात रूढ झाला. तुमच्यासारख्या लांब धडाच्या बाईला त्याचा मोठा फायदा म्हणजे फेऱ्याची भानगडच राहत नाही. वरचा ३८ छातीप्रमाणे घ्या, खालचा ४१ सीटप्रमाणे, आणि दोन्ही वेगळ्या साइजचे निघाले तरी हरकत नाही. दुसरा फायदा समुद्रावर कळतो. ओल्या अंगाने वनपीस उतरवून परत चढवणं किती कटकटीचं असतं, हे किनाऱ्यावरच्या स्वच्छतागृहात उभं राहिल्यावर समजतं.

टँकिनीची अडचण एकच, पण ती पोट झाकायचं असलेल्या बाईला नेमकी नडते: टॉप वर चढतो. उभं असताना कपडा स्वतःच्या वजनाने खाली लोंबतो. पाण्यात ते वजन जवळजवळ जाणवतच नाही, आणि खालून येणारं पाणी मोकळ्या काठात शिरून टॉप उलट्या छत्रीसारखा वर उचलतं. म्हणून खाली घेर असलेला, पोट झाकलं जावं म्हणून मुद्दाम सैल शिवलेला टॉप समुद्रात सर्वांत लवकर पोट उघडं पाडतो. दुकानदार नेमका तोच पुढे करील, तेव्हा सावध राहा. तुम्हाला हवा तो कमरेपासून सीटपर्यंत अंगाबरोबर जाणारा, काठाला आतून इलास्टिक किंवा रबरासारखी चिकट सिलिकॉन पट्टी असलेला टॉप. लांबी इतकी हवी की दोन्ही हात वर केल्यावरही तो खालच्या शॉर्ट्सच्या कमरपट्ट्यावर निदान दोन इंच राहील. ट्रायल रूममध्ये हात वर करा, वाका, खाली बसून उठा. कोरड्यातच पोट दिसलं तर लाटेत काय होईल ते उघड आहे.

आवडलेला टॉप थोडा आखूड किंवा मोकळा असेल तर शिंप्याकडून एक सोपी दुरुस्ती होते. टॉपच्या दोन्ही बाजूंच्या शिवणींना आतून, काठाच्या थोडं वर, दोन-अडीच इंचांची इलास्टिकची पट्टी लावून घ्या. तिच्या टोकाला टिचबटणाचा एक भाग आणि शॉर्ट्सच्या कमरपट्ट्यावर त्याच जागी दुसरा. पाण्यात उतरताना दोन्ही बाजू लावून टाकल्या की टॉप जागचा हलत नाही. बटण प्लॅस्टिकचं सांगा, लोखंडी खाऱ्या पाण्याने गंजतं आणि कापडावर डाग सोडतं. धागा पॉलिस्टरचा, सुई ताणाच्या कापडाची गोल टोकाची, आणि शिलाई झिगझॅग. सरळ शिलाई घातली तर कापड पहिल्यांदा ताणलं की धागा तुटेल. सुती धागा खारं पाणी आणि ऊन यांत लवकर कुजतो.

टॉपमधले सुटे कप लाटेत जागा सोडतात, क्वचित बाहेरही येतात. शिंप्याकडे जातच आहात तर तेही चार-चार टाक्यांनी पक्के करून घ्या. पाळोळ्यासारख्या आडोशाच्या किनाऱ्यावर यातलं काहीच फारसं जाणवणार नाही. कळंगुट-बाग्याच्या उघड्या किनाऱ्यावर लाट अंगावर फुटते, तिथे टॉप आणि शॉर्ट्स एकमेकांना धरून असलेलेच बरे. तलावातल्या वर्गासाठी टँकिनी सुचवली नाही त्याचंही कारण हेच. पाय मारायला शिकताना दर दोन मिनिटांनी टॉप खाली ओढत राहिलात तर लक्ष तिकडेच जाईल.

समुद्रावर खांदे आणि हात उन्हात भाजतात, म्हणून टँकिनीवर लांब बाह्यांचा ‘रॅश गार्ड’ घालायला हरकत नाही. लेबलवर यूपीएफ ५० असेल तर अतिनील किरणांचा पन्नासावा भाग, म्हणजे २ टक्केच आत येतो. जुना सुती टी-शर्ट तेवढं संरक्षण देत नाही, आणि ओला झाला की आणखी कमी देतो. कुर्ता-लेगिंग मात्र आता सोडा. सुती कापड पाणी धरून ठेवतं, जड होतं, आणि कुर्त्याचा घेर लाटेत पायांभोवती गुंडाळतो. कमरेएवढ्या पाण्यात तोल जायला तेवढं पुरतं. पावसाळ्यात जून ते सप्टेंबर कोणत्याच कपड्यात समुद्रात उतरायचं नाही हे गोव्यात कुणाला सांगायला नको, पण एरवीही जीवरक्षकांच्या लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मधेच राहा.

यजमानांच्या बोर्ड शॉर्ट्सकडे येऊ. हा मुळात लाटांवर फळी घेऊन जाणाऱ्यांचा कपडा. फळीवर बसून मांड्या घासू नयेत म्हणून तो गुडघ्यापर्यंत लांब, आणि लाटेने ओढला जाऊ नये म्हणून कमरेला इलास्टिकऐवजी सपाट पट्टा, पुढे नाडी आणि वेल्क्रो. कापड विणलेलं पॉलिस्टर, आत जाळीचं अस्तर नाही. कमरेला पूर्ण इलास्टिक आणि आत जाळी असेल तर त्या बोर्ड शॉर्ट्स नसून साध्या स्विम ट्रंक्स आहेत. पोहायला त्याही चालतात, पण मोठ्या लाटेत इलास्टिक दगा देऊ शकतं.

आणलेल्या शॉर्ट्स खऱ्या आहेत का, ते असं पाहा. लेबलवर पॉलिस्टर हवं. लेबल नसेल तर आतल्या शिवणीतून एक धागा ओढून घ्या आणि चिमट्यात धरून पेटवा. पॉलिस्टर आक्रसून वितळतं आणि थंड झाल्यावर कडक काळा मणी राहतो. सुती आणि रेयॉन कागदासारखं जळतं, कागदासारखाच वास येतो आणि राख बोटाने चुरडते. बाजारात नारळाची झाडं छापलेल्या ज्या रंगीत शॉर्ट्स टांगलेल्या असतात, त्यातल्या पुष्कळ रेयॉनच्या निघतात. किनाऱ्यावर बसायला त्या झकास, पण रेयॉन ओलं झाल्यावर कमकुवत होतं आणि लाटेत शिवण उसवते. मग खिसा पाहा. त्याला खाली पाणी जायला छिद्र किंवा जाळी नसेल तर बाहेर येताना खिसा पाण्याने भरून शॉर्ट्स खाली ओढतो.

अस्तर नसल्यामुळे आत काहीतरी घालावं लागतं, आणि तिथे नेहमीची सुती चड्डी चालत नाही. ओलं सुती कापड, मीठ आणि वाळू मिळून जांघेत असं घासतात की संध्याकाळी चालणं नको होतं. आत घट्ट बसणाऱ्या नायलॉन किंवा पॉलिस्टरच्या छोट्या शॉर्ट्स घालाव्यात, शिवण सपाट असलेल्या.

तलावात मात्र बोर्ड शॉर्ट्स आणायला पुष्कळ ठिकाणी मनाई असते. ढगळ कापड पाय मारताना पाणी ओढतं, आणि तोच कपडा बाहेर घालून आले तर धूळ-वाळू पाण्यात येते. यजमानांनी वर्गासाठी गुडघ्यापर्यंतचा घट्ट ‘जॅमर’ घ्यावा, कापड तेच पॉलिस्टर-पीबीटी. खरेदीच्या आधी वर्गाच्या ठिकाणी फोन करून काय चालतं आणि टोपी सक्तीची आहे का, एवढं विचारून घ्या.

कपडा टिकवायचा तर तलावात उतरण्याआधी शॉवरखाली कॉस्च्यूम साध्या पाण्याने पूर्ण भिजवा. आधीच पाणी प्यायलेलं कापड क्लोरीनचं पाणी कमी शोषतं. बाहेर आल्यावर लगेच पुन्हा धुवा; घरी जाऊन धुऊ म्हणून प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून फोंड्यापर्यंत नेलात तर तेवढा वेळ क्लोरीन काम करतच राहतं. पिळू नका, टॉवेलमध्ये गुंडाळून दाबा. गरम पाणी, ब्लीच आणि कपडे मऊ करण्याचं द्रव टाळा. सावलीत वाळवा, दमट दिवसांत पंख्याखाली, नाहीतर अस्तराला काळे ठिपके धरतात. आणि तलावाच्या खरखरीत काठावर किंवा चिऱ्याच्या पायरीवर तसंच बसू नका, टॉवेल टाका. मागच्या बाजूचे धागे तिथेच निघतात.

महिन्यातून एकदा कॉस्च्यूम उजेडाकडे धरून मागची बाजू ताणा. कापड परत जागेवर येत नसेल, विरळ दिसत असेल किंवा शिवणीजवळ केसासारखे पांढरे रबरी धागे डोकावत असतील, तर इलास्टेन गेलं. ते दुरुस्त होत नाही, दुसरा घ्या.